एका पावतीने अडवलेली रांग

समजा, एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट दिवसभर दुकानांतून पैसे गोळा करतात आणि प्रत्येक पावती मोबाइलवर नोंदवतात. ती पावती थेट खात्यात चढत नाही. ती संदेशाच्या रूपात एका रांगेत, म्हणजे क्यूमध्ये, जाऊन थांबते. रात्री एक वाजता एक प्रोग्राम आपोआप सुरू होतो, रांगेतून दहा-दहा संदेश उचलतो, रकमा खात्यांत जमा करतो आणि काम झालेले संदेश रांगेतून पुसतो. अ‍ॅमेझॉनची एसक्यूएस ही अशा रांगा पुरवणारी सेवा आहे. क्रम जपायचा असल्याने संस्थेने तिथली फिफो, म्हणजे आधी आलेला आधी, या प्रकारची रांग घेतली आहे.

सोमवारी दुपारी एका ग्राहकाने खाते बंद केले, पण त्याच्या नावाची एक पावती संध्याकाळी सहाला रांगेत आली. रात्री प्रोग्राम त्या संदेशापाशी पोहोचतो. खाते सापडत नाही, प्रोग्राम चूक दाखवून बंद पडतो. न पुसलेला संदेश ठरावीक वेळाने, मुळातल्या सेटिंगनुसार ३० सेकंदांनी, रांगेत पुन्हा दिसू लागतो. मंगळवारी रात्री पुन्हा तोच संदेश पुढे, पुन्हा तोच अडथळा. त्याच्यामागच्या शेकडो चांगल्या पावत्या तशाच पडून राहतात.

यावरचा उपाय म्हणजे डेड-लेटर क्यू, नापास संदेशांची वेगळी रांग. एखादा संदेश किती वेळा उचलून बघायचा हे मुख्य रांगेला सांगून ठेवायचे. तेवढ्या वेळा उचलूनही तो पुसला गेला नाही, तर पुढच्या वेळी एसक्यूएस त्याला आपणहून बाजूला नेते. सेटिंग एवढेच असते:

```
{
  "deadLetterTargetArn": "arn:aws:sqs:ap-south-1:123456789012:pigmy-dlq.fifo",
  "maxReceiveCount": "5"
}
```

पाच संधी, ऐकायला रास्त वाटते. पण हा प्रोग्राम रात्रीतून एकदाच धावतो आणि एसक्यूएस संदेश मुळात चारच दिवस ठेवते. सोमवारी संध्याकाळचा संदेश मंगळवार ते शुक्रवार पहाटे चार वेळा उचलला जाईल आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला मुदत संपून नाहीसा होईल. नापास रांगेपर्यंत तो पोहोचणारच नाही. त्याच्यामागे अडकलेल्या सोमवारच्या पावत्याही त्याच सुमारास जातील, आणि कुठेही चूक दिसणार नाही. शनिवारी प्रोग्राम पुढे सरकला म्हणून लोक सुटकेचा श्वास टाकतील. माझ्या मते या विषयातला सर्वांत घातक सापळा हाच. म्हणून दोन्ही रांगांची मुदत १४ दिवस, म्हणजे कमाल, ठेवावी आणि रोज एकदा धावणाऱ्या कामाला दोन-तीन संधीच द्याव्यात.

संधी कमी केल्या की दुसरी अडचण पुढे येते. दहा संदेश एकदम उचलले की दहाही जणांची एकेक संधी खर्ची पडते. तिसऱ्यावर प्रोग्राम कोसळला, तर पुढच्या सात निर्दोष पावत्याही दोन-तीन रात्रींत नापास ठरतात. त्यामुळे प्रत्येक संदेशाची चूक स्वतंत्रपणे पकडायची, जमा झालेला लगेच पुसायचा आणि पुढे जायचे. फिफोमध्ये संदेशांना गट देता येतो आणि क्रम गटापुरताच पाळला जातो. खाते क्रमांक हाच गट ठेवला, तर बंद खात्याची पावती फक्त त्या खात्याला अडवते. सगळ्या संस्थेचा एकच गट असेल, तर एक पावती सगळ्यांना अडवते.

डेटाबेसच बंद असेल तेव्हा मात्र दोष संदेशाचा नसतो. त्या रात्री प्रोग्रामने रांगेला हात न लावता थांबावे. नाहीतर चांगल्या पावत्या विनाकारण नापास होतात.

नापास रांगेत एक जरी संदेश दिसला, तरी कुणाला तरी सूचना गेली पाहिजे. ती `ApproximateNumberOfMessagesVisible` या आकड्यावर लावावी. `NumberOfMessagesSent` वर लावलेली सूचना आपोआप हलवलेले संदेश मोजत नाही आणि गप्प राहते. मग माणसाने संदेश उघडून कारण बघायचे. प्रोग्राममध्ये दोष असेल, तर आधी तो दुरुस्त करून संदेश मुख्य रांगेत परत पाठवायचे. दुरुस्तीआधी पाठवले तर ते फिरून तिथेच येतात. परत आलेली पावती दोनदा जमा होऊ नये, म्हणून पावती क्रमांक आधी चढला आहे का हे प्रोग्रामने तपासलेच पाहिजे.

आपल्या बंद खात्याच्या पावतीला मात्र परत पाठवून उपयोग नाही. संस्थेने ती रक्कम ग्राहकाला परत करावी, तशी नोंद ठेवावी आणि मगच तो संदेश पुसावा. तुमच्याकडे असे रात्रीचे काम चालत असेल, तर संधींचा आकडा आणि मुदतीचे दिवस आजच शेजारी मांडून बघा.