साठ पैजा, छत्तीस विजय: खरा दर किती?

अमेरिकन फुटबॉलचा नियमित मोसम १८ आठवड्यांचा असतो. दर आठवड्याला तीन-चार पैजा लावल्या, तर मोसमाअखेरीस आकडा साठाच्या घरात जातो. समजा, एकाने ६० पैजांपैकी ३६ जिंकल्या. म्हणजे ६० टक्के. पण हा झाला घडून गेलेल्या पैजांचा दर. त्यामागचा खरा दर, म्हणजे हा माणूस याच पद्धतीने हजारो पैजा लावत राहिला तर त्यातल्या किती टक्के जिंकेल, तो कुठेच लिहिलेला नसतो. त्याचा अंदाजच बांधावा लागतो.

अशा पैजांत बलवान संघावर आधीच काही गुणांचा बोजा टाकलेला असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची संधी जवळपास सारखी होते. नेहमीचा भाव असा: ११० डॉलर लावायचे, जिंकलात तर वर १०० मिळतात, हरलात तर ११० जातात. या भावात नुसती तोंडमिळवणी करायलाही २१० पैकी ११० पैजा, म्हणजे ५२.४ टक्के, जिंकाव्या लागतात. म्हणून विचारायचं ते एवढंच: याचा खरा दर ५२.४च्या वर आहे का?

आता प्रत्येक संभाव्य दराला एकच प्रश्न करू: तू खरा असतास, तर ३६ विजय आणि २४ पराभव कितपत सहज आले असते? ५० टक्क्यांच्या उत्तराला १ गुण देऊ. त्या मापाने ६० टक्क्यांना साधारण ३.३ गुण मिळतात, ७० टक्क्यांना ०.८६ आणि ४० टक्क्यांना जेमतेम ०.०३. म्हणजे ४० टक्के जवळपास बाद होतो, पण निव्वळ नाणेफेकीचा ५० टक्के दर काही बाद होत नाही. शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंतच्या सगळ्या दरांचे गुण आलेखावर मांडले, की साठाजवळ शिखर असलेली एक रुंद टेकडी तयार होते. तिच्याखालचं एकूण क्षेत्रफळ १ धरलं, की तेच बीटा वितरण. थॉमस बेझच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हाच प्रश्न होता: यश-अपयशाची मोजणी हाती आहे, तर मूळ शक्यता अमुक दोन मर्यादांच्या मध्ये असण्याची संधी किती?

हिशेब सोपा आहे. सुरुवातीला सगळे दर सारखेच शक्य मानले, तर विजयांत १ आणि पराभवांत १ मिळवायचा. ३७ आणि २५ हे या वितरणाचे दोन आकडे झाले. टेकडीच्या दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के कापले की ९५ टक्क्यांचा पट्टा उरतो. एक्सेलमध्ये तो असा निघतो:

```
=BETA.INV(0.025,37,25)
=BETA.INV(0.975,37,25)
=1-BETA.DIST(0.5238,37,25,TRUE)
```

पट्टा येतो साधारण ४७ ते ७१ टक्के. इतक्या रुंद पट्ट्यात तोट्यात जाणारा माणूसही बसतो आणि अचाट कसबाचाही. तिसऱ्या ओळीचं उत्तर आहे सुमारे ०.८८: खरा दर ५२.४च्या वर असण्याची शक्यता ८८ टक्के.

या ८८ टक्क्यांवर मात्र माझा विश्वास बसत नाही. सगळे दर सारखेच शक्य मानताना आपण ५० टक्के आणि ९० टक्के यांना एकाच पंक्तीत बसवलं. ज्या पैजा मुळातच निम्म्या-निम्म्या संधीच्या केलेल्या असतात, त्यांत हे गृहीतक टिकत नाही. बहुतेकांचा खरा दर ४६ ते ५४च्या दरम्यान असतो, असं आधीचं मत धरू. बीटाच्या भाषेत हे म्हणजे साधारण २५० विजय आणि २५० पराभव आधीच खात्यावर असणं. त्यात ३६ आणि २४ मिळवले की २८६ आणि २७४ होतात. आता पट्टा येतो ४७ ते ५५, आणि नफ्यात असण्याची शक्यता उतरते सुमारे २७ टक्क्यांवर. पैजा त्याच, पण निष्कर्ष उलटला. म्हणून पट्टा सांगणाऱ्याने आधीचं मतही उघड सांगायला हवं. ६० पैजांचा पुरावा त्या मताला झाकण्याइतका जड नाही.

आणखी एक धोका सूत्रात दिसतच नाही. नाणं उडवून पैजा लावणाऱ्या शंभर जणांपैकी सरासरी आठ जण ६० पैकी ३६ किंवा जास्त जिंकतात. त्या आठांतलाच एक आपल्यासमोर ‘जाणकार’ म्हणून आला असेल, तर त्याचा पट्टा काढण्यात अर्थ नाही. त्याला निवडलंच मुळी त्याच्या निकालावरून. अशा वेळी जुने आकडे सोडून द्यावेत आणि आजपासूनच्या पैजा मोजाव्यात. भाव दर पैजेला बदलत असेल, तर विजयाचा दर सोडून नफा-तोटाच मोजावा लागतो.

पैजा वाढल्या की टेकडी निमुळती होते, पण फार सावकाश: पट्टा निम्मा करायचा तर पैजा चौपट लागतात. हजार पैजांत ५५० विजय असले, तरी सगळे दर सारखे मानून काढलेला पट्टा ५१.९ ते ५८.१ येतो. त्याचं खालचं टोक अजूनही ५२.४च्या खालीच आहे.