टाकी बावीस हजारांची की बाराची?

सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याचा विषय निघाला, की गच्चीवरची टाकी नेमकी किती लिटरची यावर हमखास वाद होतो. सेक्रेटरी म्हणतात बावीस हजार, प्लंबर म्हणतो पंधरा, आणि पाणी बंद असलेल्या दिवशी सगळ्यांना जाणवतं की बारासुद्धा पुरत नाही. गंमत म्हणजे तिघांचंही गणित बरोबर असू शकतं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची हे सूत्र शाळेत सगळ्यांनीच केलेलं असतं. फरक पडतो तो टेप कुठून कुठे धरली यामुळे.

प्लास्टिकच्या काळ्या टाक्यांवर आकडा छापलेला असतो, त्यामुळे तिथे प्रश्नच येत नाही. जिन्याच्या डोक्यावर बांधलेल्या सिमेंटच्या चौकोनी टाकीवर मात्र असा आकडा क्वचितच असतो. उदाहरणादाखल चार मजली, सोळा फ्लॅटच्या एका इमारतीची टाकी घेऊ. बाहेरून मोजली तर ती ४.३१ मीटर लांब, २.७८ मीटर रुंद आणि वरच्या-खालच्या स्लॅबसकट १.९० मीटर उंच भरते. गुणाकार करून हजाराने गुणलं की २२,७६५ लिटर येतात. सेक्रेटरींचा आकडा तो हाच.

आता मॅनहोलमधून आत उतरू. टाकी धुवायला रिकामी करतात तो दिवस या कामाला उत्तम. झाकण बराच वेळ उघडं ठेवून आत हवा खेळू द्यायची, एकट्याने उतरायचं नाही, आणि वर कुणीतरी उभं राहिलंच पाहिजे. आत गेल्यावर लांबी एकदाच मोजून भागत नाही, कारण मिस्त्रीच्या हातचा गिलावा सगळीकडे सारखा नसतो. एका टोकाला ३.९४ आणि दुसऱ्या टोकाला ३.९६ मीटर आली, तर सरासरी ३.९५ धरायची. रुंदी तशीच मोजून २.४२ आली. टाकी खरोखर काटकोनात आहे का हे बघायचं असेल, तर तळावर दोन्ही कर्ण मोजावेत. या मापांना कर्ण ४.६३ मीटर यायला हवा, आणि मुख्य म्हणजे दोन्ही सारखे हवेत. दोनचार सेंटिमीटरचा फरक असला तरी क्षेत्रफळात तो नगण्यच ठरतो. टाकीच्या मध्ये आडभिंत असेल, तर दोन्ही कप्पे वेगवेगळे मोजून बेरीज करावी, म्हणजे भिंतीची जाडी आपोआप वगळली जाते.

३.९५ गुणिले २.४२ म्हणजे ९.५६ चौरस मीटर. हा टाकीचा तळ. पुढचं सगळं गणित या एका आकड्यावर चालतं, म्हणून तो लिहून ठेवण्यासारखा आहे. तळापासून वरच्या स्लॅबच्या खालच्या पृष्ठभागापर्यंत आतली उंची १.६० मीटर आहे. तिघांचा गुणाकार १५.३ घनमीटर, आणि एका घनमीटरमध्ये हजार लिटर, म्हणजे साधारण १५,३०० लिटर. प्लंबरचा आकडा हा. बाहेरच्या मापातले साडेसात हजार लिटर निव्वळ भिंती, स्लॅब आणि गिलावा होते.

हजार लिटरच का, हे एकदा डोळ्यांसमोर आणलं की विसरायला होत नाही. दहा सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच अशा खोक्यात एक लिटर मावतो. मीटरभर लांबीत अशी दहा खोकी बसतात, रुंदीत दहा, उंचीत दहा. १९०१ ते १९६४ या काळात लिटरची व्याख्या एक किलो पाण्यावरून केलेली होती आणि तो लिटर आजच्यापेक्षा किंचित मोठा भरायचा. आपल्या टाकीत त्याने फार तर दीड पेला पाण्याचा फरक पडला असता, तेव्हा तो वाद शास्त्रज्ञांकडेच राहू द्यावा.

खरी मेख उंचीत आहे. टाकी स्लॅबपर्यंत कधीच भरत नाही. पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या खालच्या कडेला पोचलं की बाहेर पडू लागतं, म्हणून वरची हद्द ती. पंप बंद करणारा सेन्सर किंवा बॉलकॉक त्याच्याही खाली लावला असेल, तर हद्द तिथे आली. खालच्या बाजूलाही तसंच. घरांना पाणी देणारा आउटलेट तळाला टेकलेला नसतो. गाळ नळात जाऊ नये म्हणून तो थोडा वर बसवतात, आणि त्याखालचं पाणी टाकी धुतानाच बाहेर येतं. आपल्या टाकीत ओव्हरफ्लोची खालची कड तळापासून १.३८ मीटरवर आहे आणि आउटलेटची खालची कड ८ सेंटिमीटरवर. मधली उंची उरली १.३० मीटर. ९.५६ गुणिले १.३० म्हणजे १२.४३ घनमीटर, अर्थात सुमारे १२,४०० लिटर. हाही हिशेब थोडा उदारच आहे, कारण आडव्या आउटलेटची वरची कड उघडी पडली की पाइपात हवा शिरते आणि वरच्या मजल्यावरचा नळ फुरफुरायला लागतो.

इथे एक अडचण येते. टाकीचा तळ सपाट नसतो, सफाईच्या पाइपाकडे त्याला उतार दिलेला असतो. ओव्हरफ्लो एका कोपऱ्यात आणि आउटलेट दुसऱ्या कोपऱ्यात असला, तर दोघांची उंची आपापल्या पायथ्यापासून मोजून केलेली वजाबाकी चुकते. त्यासाठी मिस्त्री वापरतात ती पारदर्शक नळी घ्यावी. तिच्यात पाणी भरून एक टोक ओव्हरफ्लोच्या खालच्या कडेशी धरलं, की दुसऱ्या टोकाला पाणी त्याच पातळीला थांबतं. आउटलेटच्या वर भिंतीवर ती खूण करायची आणि तिथून खाली आउटलेटच्या कडेपर्यंत सरळ मोजायचं. ही रीत वापरली की वापरातल्या पाण्यापुरता तळाचा उतार हिशेबातून निघूनच जातो.

भिंत आणि तळ मिळतात तिथे गळती थांबवण्यासाठी सिमेंटचा तिरका वाटा मारलेला असतो, तो वजा करायचा का, असा प्रश्न काटेकोर माणसाला पडतो. दहा बाय दहा सेंटिमीटरचा त्रिकोणी वाटा चारही भिंतींलगत धरला, तर तो साठेक लिटर जागा खातो. पण त्याचा जवळजवळ सगळा भाग आउटलेटच्या खालीच असतो. वापरातल्या पाण्यातून दोनतीन लिटरच कमी होतात. सोडून द्यावं.

सोडून देता येत नाही ती चूक फूट-इंचांची. जुने मिस्त्री अजून फूट, इंच आणि सुतात बोलतात. आठ सुतांचा एक इंच. आपल्या टाकीची मापं त्यांच्या तोंडून बारा फूट अकरा इंच, सात फूट अकरा इंच आणि चार फूट तीन इंच अशी येतील, वरची सुतं सोडली तर. कॅल्क्युलेटरवर ती १२.११, ७.११ आणि ४.३ अशी टाकली जातात आणि तिथेच घोटाळा होतो, कारण इंच दहाचे नसतात, बाराचे असतात. अकरा इंच म्हणजे फुटाचे ०.९२. बरोबर मापं १२.९२, ७.९२ आणि ४.२५. त्यांचा गुणाकार ४३५ घनफूट, आणि घनफुटाला २८.३२ लिटर या दराने साधारण १२,३०० लिटर. चुकीच्या मापांनी उत्तर येतं साडेदहा हजारांच्या आसपास. मीटरमध्ये मोजलेल्या आणि फुटांत मोजलेल्या उत्तरात शेकड्याचा फरक आला तर तो सुतांचा समजावा. हजारात आला तर इंच तपासावेत.

टेप कुठे जास्त जपून धरायची, हेही याच आकड्यांतून कळतं. लांबीत एक सेंटिमीटर चुकला तर ३१ लिटरचा फरक पडतो, रुंदीत चुकला तर ५१ लिटरचा. उंचीत चुकला तर ९६ लिटर इकडचे तिकडे होतात. टाकी जितकी पसरट, तितकी उंची महत्त्वाची. लोक मात्र लांबी दोनदा मोजतात आणि उंची नजरेने धरतात.

हेच ९६ लिटर उलट्या बाजूनेही कामाला येतात. टाकीत पाणी एक सेंटिमीटर चढलं किंवा उतरलं म्हणजे ९६ लिटर. सेंटिमीटरच्या खुणा केलेली पट्टी आतल्या भिंतीला, मॅनहोलमधून दिसेल अशी लावली, की वॉचमन नुसतं पाहून साठा सांगू शकतो. खाली जाणारे व्हॉल्व्ह आणि पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी पातळी तीन सेंटिमीटर उतरलेली दिसली, तर जवळपास २९० लिटर पाणी भिंतीतून किंवा नीट न बसणाऱ्या व्हॉल्व्हमधून गेलं. उत्तर बरोबर आलंय का, याची परीक्षाही अशीच होते. घरांचे व्हॉल्व्ह बंद असताना खालच्या संपमधून दोन हजार लिटर वर चढवले, तर वर पातळी २१ सेंटिमीटर वाढायला हवी. संपचा तळ मोजून ठेवला असेल, तर टँकरवाल्याच्या दहा हजार लिटरांचीही अशीच झडती घेता येते.

शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी नियोजनाचा आकडा धरला आणि घरटी चार माणसं मानली, तर सोळा फ्लॅटना दिवसाला ८,६४० लिटर लागतील. सेक्रेटरींच्या बावीस हजारांवर इमारत अडीच दिवस काढेल असं वाटतं. प्रत्यक्षात बारा हजार चारशे लिटर दीड दिवसही पुरत नाहीत.

हे कळल्यावर मीटिंगमध्ये पुढची सूचना ठरलेली असते, की ओव्हरफ्लो दहा सेंटिमीटर वर घ्या, फुकटात साडेनऊशे लिटर वाढतील. वाढतील खरे, पण जवळजवळ एक टन वजनही वाढेल, आणि भिंतीच्या तळाशी दाबही. जुन्या टाकीच्या बाबतीत हा निर्णय प्लंबरने घ्यायचा नसतो, स्ट्रक्चरल इंजिनीअरने घ्यायचा असतो. शिवाय पाणी आत सोडणाऱ्या पाइपाचं तोंड ओव्हरफ्लोच्या वर मोकळ्या हवेत राहिलं पाहिजे. ते बुडलं तर दाब गेल्यावर टाकीतलं पाणी त्याच पाइपातून उलटं खेचलं जाऊ शकतं. तोंड आणि ओव्हरफ्लो यांच्यात आपल्या टाकीत बारा सेंटिमीटर अंतर असेल, तर दहा वर घेतल्यावर दोनच उरतात, आणि पंप जोरात चालू असताना पाणी ओव्हरफ्लोच्या कडेपेक्षा तेवढं वर चढतंच.