‘निगेटिव्ह’ म्हणजे काय हो सिस्टर?

अल दुहैलमध्ये आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी मूळच्या मिरजेच्या. एका रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहेत. आठवड्यातल्या काही रात्री त्या ड्युटीवर असतात आणि सकाळी आम्ही ऑफिसला निघतो तेव्हा लिफ्टमध्ये भेटतात. गेल्या शुक्रवारी मात्र सुट्टी होती, आमच्याकडे पोहे होते, आणि वहिनी ड्युटीवरून थेट आमच्याच दारात आल्या. झोप उडालेली होती. चहा घेता घेता त्यांनी रात्रीची गोष्ट सांगितली. पेशंटचं नाव, गाव, देश काहीच त्या सांगत नाहीत, त्यामुळे मीही सांगू शकत नाही.

पेशंट वयस्कर, मधुमेही, पायाला सूज आणि लाली, थंडी वाजून ताप. पायातूनच संसर्ग झाला असणार असं धरून डॉक्टरांनी क्लॉक्सासिलिन सुरू केलं होतं. त्वचेवरच्या नेहमीच्या जंतूंवर ते चांगलं चालतं. औषधाचा पहिला डोस जाण्याआधी दोन्ही दंडांतून रक्त घेऊन ब्लड कल्चरला पाठवलं होतं.

इथे मला माझ्या वडिलांची आठवण झाली. कोल्हापूरला ते ॲडमिट होते तेव्हा फोनवर कुरकुरत होते, “एका हातातून घेतलं, परत दुसऱ्या हातातून कशाला? ह्यांना काय रक्तपेढी काढायचीय?” याचं उत्तर मला आत्ता, या पोह्यांवर मिळालं.

ब्लड कल्चर म्हणजे रक्तातल्या जंतूंना वाढायला खाऊ घालणं. तापातसुद्धा रक्तात जंतू इतके विरळ असतात की थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर बहुधा काहीच दिसत नाही. म्हणून प्रत्येक हातातून सुमारे वीस मिली रक्त घेऊन दोन बाटल्यांत दहा-दहा मिली घालतात. एका बाटलीत प्राणवायू लागणारे जंतू वाढतात, दुसरीत तो न लागणारे. बाटल्या ३५ ते ३७ अंशांच्या कपाटासारख्या यंत्रात ठेवतात. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि बाटलीच्या तळाची हिरवट चकती पिवळी होऊ लागते. यंत्र दर दहा मिनिटांनी ती चकती तपासतं. काही वाढलं नाही तर साधारण पाच दिवसांनी बाटली काढून टाकतात.

त्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी यंत्र वाजलं. बाटली आत ठेवून अकरा तास झाले होते.

मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या डोक्यात लगेच आलं की अलार्म वाजला म्हणजे वॉर्डला आपोआप मेसेज जायला हवा, त्यात माणूस कशाला? वहिनी हसल्या. “भाऊजी, यंत्राला फक्त गॅस कळतो. रक्त जास्त भरलं गेलं किंवा रक्तात पांढऱ्या पेशी खूप असल्या, तर जंतू नसतानाही ते ओरडतं.” म्हणून आधी बाटली बाहेर काढायची, सुरक्षा कॅबिनेटमध्ये रबरी बुचातून सुईनं थेंबभर काढायचा, काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा आणि ग्रॅम रंग द्यायचा.

ही पद्धत डेन्मार्कच्या हान्स क्रिस्टियन ग्रॅम यांनी बर्लिनमध्ये काम करताना शोधली आणि १८८४ मध्ये प्रसिद्ध केली. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग काही सेकंद अल्कोहोल, शेवटी लाल रंग. ज्या जंतूंची भिंत जाड, ते जांभळे राहतात आणि त्यांना ग्रॅम पॉझिटिव्ह म्हणतात. ज्यांची भिंत पातळ, त्यांचा जांभळा रंग अल्कोहोलनं धुऊन जातो आणि ते लालसर दिसतात. ते ग्रॅम निगेटिव्ह. सगळा खेळ त्या अल्कोहोलच्या सेकंदांचा असतो. जरा जास्त वेळ ओतलं तर जांभळेसुद्धा लाल होतात. म्हणून वहिनी शेजारी एक ओळखीच्या जंतूंची काचपट्टीही रंगवतात. ती बरोबर उतरली तरच दुसरीवर विश्वास ठेवायचा.

हजारपट मोठं करून पाहिलं तेव्हा लालसर काड्या दिसल्या. भरपूर. म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह, आणि क्लॉक्सासिलिन अशा जंतूंवर जवळजवळ निरुपयोगी. पेशंटला रात्रभर नियमाप्रमाणे औषध मिळत होतं, पण ते चुकीच्या शत्रूवर.

त्या काचपट्टी बघत असतानाच यंत्र परत वाजलं. या वेळी दुसऱ्या हाताची बाटली. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर हेच. सुई टोचताना त्वचेवरचे निरुपद्रवी जंतू बाटलीत शिरू शकतात, पण ते बहुधा एकाच बाटलीत आणि बरेच उशिरा दिसतात. इथे दोन्ही हात, अकरा तास आणि त्वचेवर सहसा न राहणाऱ्या काड्या. शंकेला फारशी जागा नव्हती.

दोन चाळीसला वहिनींनी वॉर्डला फोन लावला. वाजून वाजून थांबला. दुसऱ्यांदा कोणीतरी उचलला आणि सांगितलं, हा पेशंट संध्याकाळीच वरच्या मजल्यावर हलवलाय. नमुन्याच्या चिठ्ठीवर दुपारचा वॉर्ड छापलेला होता. वरच्या मजल्यावर सिस्टर भेटल्या. बहुधा इकडून तिकडे धावत असाव्यात. वहिनींनी नाव आणि फाइल नंबर सांगितला, पुढे म्हटलं, “ब्लड कल्चर, ग्रॅम निगेटिव्ह...” तिकडून उत्तर आलं, “ओके, कल्चर निगेटिव्ह, थँक्यू,” आणि फोन बंद.

मी चमचा खाली ठेवला.

यात सिस्टरचा तरी काय दोष? कल्चर निगेटिव्ह म्हणजे जंतू नाहीत, चांगली बातमी. ग्रॅम निगेटिव्ह म्हणजे जंतू आहेत, आणि अमुक रंगाचे आहेत. एकच शब्द, दोन उलटे अर्थ, आणि तोही रात्री पावणेतीनला, दोघींनाही परक्या असलेल्या इंग्रजीत. वहिनींनी लगेच परत फोन लावला. या वेळी वाक्यच फिरवलं. “ब्लड कल्चर पॉझिटिव्ह आहे. दोन्ही हातांच्या बाटल्यांत जंतू वाढलेत. ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय. आता मला हे लिहून, वाचून दाखवा.” सिस्टरनी वाचून दाखवलं. त्यांचा आवाज बदललेला वहिनींना फोनवरही कळला. दोन मिनिटांत ड्युटी डॉक्टर लाइनवर आले.

त्यांनी विचारलं, कुठला जंतू? वहिनी म्हणाल्या, ते आत्ता सांगता येणार नाही. ग्रॅमच्या काचपट्टीवर गट कळतो, नाव कळत नाही. बाटलीतला थेंब खाद्याच्या ताटलीवर पसरून रात्रभर वाढवायचा तेव्हा नाव मिळणार, आणि कोणतं औषध चालेल हे आणखी एक दिवसानं. पण त्यांना तेवढं पुरलं. त्यांनी तिथल्या तिथे औषध बदललं आणि लघवीचा नमुना पाठवला. वहिनींनी वेळ, फोन घेणाऱ्या दोघांची नावं आणि ‘वाचून दाखवलं’ अशी नोंद केली. पहिल्या फोनचीही नोंद केली, गैरसमजासकट. तेव्हा तीनही वाजले नव्हते.

शनिवारी संध्याकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा विचारलंच. ई. कोलाय निघाला, रक्तात आणि लघवीतही. पायाची लाली होतीच, पण रक्तातला संसर्ग लघवीच्या मार्गातून आला होता.

पेशंटचं पुढे काय झालं हे लॅबला बहुतेक वेळा कळत नाही. या वेळी एक धागा होता. जंतू रक्तातून गेले का हे बघायला रविवारी त्याच फाइल नंबरच्या नव्या बाटल्या आल्या. आज बुधवार. सकाळी लिफ्टमध्ये वहिनी एवढंच म्हणाल्या, “चकती अजून हिरवीच आहे.”