बटण गेलं की बोर्ड?

बटण दाबलं, पंखा फिरला नाही, दिवा लागला नाही. घरी डीटीपीची कामं घेणाऱ्या एका बाईंना वाटलं, मदरबोर्डच गेला. दुरुस्ती करणाऱ्याने मात्र कॅबिनेट उघडून आधी बोर्डाच्या कडेची पिनांची छोटी जुडी शोधली. बटणाची वायर तिथे ‘PWR_SW’ लिहिलेल्या दोन पिनांवर बसते.

बटण दाबल्यावर या दोन पिना क्षणभर जोडल्या जातात, एवढंच त्याचं काम. मग तेच स्क्रू-ड्रायव्हरनेही होतं. प्लग काढून त्याने कनेक्टर उपसला, प्लग पुन्हा लावला आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दोन्ही पिनांना सेकंदभर टेकवलं. शेजारच्या पिनेला स्पर्श होता कामा नये, म्हणून पिनांची जागा मॅन्युअलमध्ये आधीच पाहिली होती.

पंखे फिरू लागले!

म्हणजे दोष बटणात किंवा वायरीत. मल्टिमीटर लावला, तर बटण दाबूनही बीप नाही. नवं बटण येईपर्यंत त्याने रिसेट बटणाचा कनेक्टर त्या पिनांवर बसवला. स्विचची जोडणी उलटी बसली तरी चालते, एलईडीची चालत नाही.

पिना जोडूनही संगणक गप्पच राहिला असता, तर २४ पिनांच्या कनेक्टरमधल्या जांभळ्या वायरीवर ५ व्होल्ट येतात का, हे मोजावं लागलं असतं.