फोनवर सगळं छान, घरी आल्यावर भांडण

ती नांदेडला बँकेत, तो चाकणला कारखान्यात. सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई तिच्याजवळ. अशी घरं आता प्रत्येकाच्या ओळखीत असतात. 'रोज बोलता ना?' असं त्यांना सगळे विचारतात. रोज बोलणं होतंच, पण त्यात काय येत नाही हे पाहायला हवं.

क्रिस्टल जियांग आणि जेफ्री हॅनकॉक या संशोधकांचा एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी 63 जोडप्यांना आठवडाभर आपल्या बोलण्याची नोंद ठेवायला सांगितली होती. लांब राहणारी जोडपी मनातलं जास्त बोलत होती. पण जोडीदार आहे त्याहून चांगला वाटण्याकडेही त्यांचा कल होता. ही जोडपी अविवाहित होती, त्यांना घर चालवायचं नव्हतं. संसारात मात्र हीच गोष्ट महाग पडते असं मला वाटतं.

कारण वेळ थोडा मिळतो, तो वादात कशाला घालवायचा, असं दोघांनाही वाटतं. शाळेतून मुलाची तक्रार आली, हे ती सांगत नाही. ओव्हरटाइम बंद झाला, हे तो सांगत नाही. मग शनिवारी सकाळी रात्रभराचा प्रवास करून तो घरी येतो, तेव्हा मुलाची शिकवणी सुरू झालेली असते. 'मला विचारलंसुद्धा नाही,' तो म्हणतो. महिनाभर सगळं एकटीने निभावलेल्या तिला ते बोलणं झोंबतं. खरं तर चूक दोघांचीही नाही. आपल्याच घरातली बातमी सासूबाईंकडून किंवा मुलाकडून कळू लागली, की समजावं, फोनवरचं बोलणं वरवरचं झालंय.

यावर दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली म्हणजे निर्णयांची वाटणी. शाळा बदलणं, कर्ज, आईवडिलांची शस्त्रक्रिया हे दोघांनी मिळून ठरवायचं, मग दोन दिवस थांबावं लागलं तरी चालेल. शिकवणी, तापाचं औषध, घरकामाची बाई हे जो जागेवर आहे त्याने ठरवायचं आणि त्याच रात्री दुसऱ्याला सांगायचं. दुसऱ्याने घरी आल्यावर ते फिरवायचं नाही. पटलं नसेल तर पुढच्या वेळेसाठी बोलावं.

दुसरी, आठवड्यातून एक लांब फोन, त्या आठवड्यात काय बिनसलं हे सांगण्यासाठी. मूल झोपल्यावर करावा. म्हणजे भेटीची पहिली संध्याकाळ हिशेब आणि तक्रारींपासून मोकळी राहते. निघण्याआधी पुढच्या भेटीची तारीखही ठरवून टाकावी. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, सणासुदीला तेवढं आधी ठरवलं नाही तर तिकीट हाती लागत नाही.

आणि ही व्यवस्था किती वर्षांची, बदली किंवा नोकरी आधी कोण मागणार, हे तुमच्याकडे अजून ठरलं नसेल, तर या आठवड्याच्या लांब फोनवर आधी तेच बोला.