निमंत्रणपत्रावरची तारीख

रशियाचा वकिलातीतून मिळणारा साधा पर्यटक व्हिसा निमंत्रणपत्रावर काढता येतो. हे पत्र हॉटेल किंवा टूर कंपनी देते. त्यावर पाहुण्याचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, मुक्कामाची ठिकाणं असा तपशील असतो. पण खरी मेख आहे ती येण्या-जाण्याच्या तारखांत, कारण व्हिसा त्यांच्याच आधारे मिळतो. समजा, पत्रात १० ते १८ जून लिहिलंय आणि परतीचं विमान ‘१८च्या रात्री’ साडेबाराचं आहे. कॅलेंडरवर तेव्हा १९ जून लागलेला असतो, म्हणजे व्हिसा संपून अर्धा तास झालेला! म्हणून पत्र मागतानाच १९ तारीख घालून घ्यावी. हॉटेल कदाचित एका जादा रात्रीचे पैसे मागेल. ते मुकाट्याने द्यावेत.