कडेवरचं बाळ आणि नऊ तासांचं विमान

लंडनमध्ये राहणारं एखादं मराठी जोडपं बाळाच्या उष्टावणासाठी पुण्याला यायला निघतं, तेव्हा मुंबईपर्यंतचं थेट विमान साधारण ९ तासांचं असतं. बाळ ७ महिन्यांचं, वजन साडेआठ किलो. दोन वर्षांखालच्या बाळाला बहुधा वेगळी सीट नसते, ते मांडीवर बसतं. त्यामुळे तिकीट काढताना पहिला प्रश्न येतो तो बॅसिनेटचा.

बॅसिनेट म्हणजे विमानातल्या आडव्या भिंतीला अडकवायचा छोटा पाळणा. तो मोठ्या, दोन मार्गिकांच्या विमानांत मिळतो; देशांतर्गत फेऱ्यांच्या छोट्या विमानांत तो बहुधा नसतोच. अशा भिंतीसमोरच्या जागा मोजक्या असतात, म्हणून तिकीट काढल्याबरोबर कंपनीला फोन करून मागणी नोंदवावी लागते. वजनाची मर्यादा बऱ्याच कंपन्यांत १० ते ११ किलोंच्या आसपास असते, काही ठिकाणी लांबीही पाहतात. साडेआठ किलोचं बाळ त्यात बसतं, पण पाय लांबवून झोपणारं दीड वर्षाचं मूल सहसा मावत नाही. नोंदवलेली मागणी म्हणजे हमीही नव्हे. ऐन वेळी विमान बदललं, तर जागांची मांडणीच बदलते. म्हणून आदल्या दिवशी पुन्हा विचारून घ्यावं आणि चेक-इनला लवकर पोहोचावं.

पाळणा मिळाला, तरी बाळ ९ तास त्यात राहत नाही. विमान उडताना आणि उतरताना ते मांडीवरच हवं. त्यासाठी कर्मचारी एक छोटा पट्टा देतात. तो आईच्या किंवा वडिलांच्या पट्ट्यात ओवून बाळाच्या कमरेला बांधायचा असतो. मोठ्यांचाच पट्टा बाळाभोवती गुंडाळणं धोक्याचं, कारण धक्का बसला तर बाळ मधे चिरडू शकतं. वाटेत विमान हलू लागलं आणि पट्ट्याचा दिवा लागला, की बहुतेक कंपन्या झोपलेलं बाळही उचलून घ्यायला लावतात.

त्या रांगेची आणखी एक अडचण आहे. समोर सीट नसल्याने पिशवी पायाशी ठेवता येत नाही, ती उड्डाणाआधी वरच्या कप्प्यात जाते. त्यामुळे एक बाटली, एक लंगोट आणि कोरडा कपडा आधीच काढून हाताशी ठेवायचा.

ही बाटली कानांसाठीही लागते. विमान खाली येऊ लागलं, की केबिनमधला दाब वाढतो आणि बाळाचे कान दुखू लागतात. गिळताना कान आणि घसा जोडणारी नळी उघडते, दाब सारखा होतो. म्हणून एक पाजणं उतरण्यासाठी राखून ठेवायचं. विमान साधारण अर्धा तास आधी खाली येऊ लागतं, तेव्हा बाळाला जागं करून पाजावं.

दूध किती घ्यायचं, याचा हिशोब विमानतळापासून करायचा. आधीचे ३ तास, उड्डाणाचे ९, उतरल्यावरचे २, म्हणजे १४ तास. दर साडेतीन तासांनी पाजलं, तर ४ वेळा. उशीर गृहीत धरून ६ वेळांचं दूध घ्यावं. ब्रिटनच्या नियमांत बाळाच्या दुधाला आणि खाण्याला १०० मिलिलिटरची अट लागू नाही. फॉर्म्युला आणि निर्जंतुक पाणी नेताना बाळ सोबत असायला हवं. आईचं दूध मात्र बाळ नसतानाही नेता येतं, एका डब्यात जास्तीत जास्त २ लिटर. गोठवलेलं दूध हातातल्या सामानात चालत नाही. मुंबईहून परततानाही प्रवासापुरत्या बाळाच्या अन्नाला १०० मिलिलिटरच्या नियमातून सूट आहे.

पावडरसाठी किमान ७० अंशांचं पाणी लागतं आणि बनवलेलं दूध बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नसतं. त्यामुळे सगळ्या बाटल्या घरून भरून नेण्यात अर्थ नाही. तयार फॉर्म्युलाची बंद खोकी सोयीची पडतात. तपासणीत एखादं खोकं उघडायला लागू शकतं आणि उघडल्यावर त्याचेही तास मोजायला लागतात, म्हणून एक जादा असू द्यावं.

बाबागाडीला चेक-इन काउंटरवर टॅग लावून घेतला, की बाळाला त्यातून बहुधा विमानाच्या दारापर्यंत नेता येतं. सुरक्षा तपासणीत बाळाला उचलून गाडी घडी करून यंत्रात घालावी लागते, म्हणून खालच्या जाळीत काही ठेवू नये. गाडीचे दोन भाग होत असतील, तर दोन टॅग मागावेत. नाहीतर सांगाडा येतो आणि बैठक मागे राहते. गाडी दारातच परत मिळणार की सामानाच्या पट्ट्यावर येणार, हे काउंटरवरच विचारावं. पट्ट्यावर येणार असेल, तर इमिग्रेशनच्या रांगेत बाळ कडेवर असेल आणि तिथे कापडी बेबी कॅरिअर लागेल.

गाडी हाती देण्याआधी चाकांचे आणि सांध्यांचे फोटो काढून ठेवावेत. मोडून आली, तर विमानतळाबाहेर पडण्यापूर्वीच सामानाच्या काउंटरवर नोंद करावी. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीच्या माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत विमान कंपनीकडे पोहोचवावी लागते.